चहाच्या डब्यावर डोळ्यांचा फोटो लावायची आयडिया आली कुठून

आमच्या सातपूरच्या ऑफिसात चहाचा एक कोपरा आहे, फ्लास्क, दुधाची पिशवी, साखर, आणि शेजारी एक प्लास्टिकचा डबा ज्यात कपामागे दहा रुपये टाकायचे असतात. कोणी बघत नाही, कोणी विचारत नाही, आणि महिनाअखेरीला दुधाच्या बिलाएवढे पण पैसे निघत नाहीत. मागच्या महिन्यात ग्रुपवर कोणीतरी फॉरवर्ड टाकला की डब्याच्या वर नुसता डोळ्यांचा फोटो चिकटवा, लोक तिप्पट पैसे टाकतात, सायन्सने प्रूव्ह झालंय. लगेच एकाने प्रिंट पण काढली. मी म्हटलं थांबा जरा, हे नक्की कोणी आणि कसं मोजलं ते तरी बघू, आणि मग वाचत वाचत बराच मागे गेलो.

तर सुरुवात चहापासून नाही, एका खेळापासून होते. इकॉनॉमिक्सवाल्यांचा एक अगदी साधा खेळ आहे, त्याला ते डिक्टेटर गेम म्हणतात. एका माणसाला दहा डॉलर द्यायचे आणि सांगायचं की दुसऱ्या खोलीत एक अनोळखी माणूस आहे, त्याला यातले किती द्यायचे ते तुम्हीच ठरवा, शून्य दिले तरी चालेल, तो काही बोलू शकत नाही. पुस्तकी हिशोबाने सगळ्यांनी सगळे पैसे खिशात टाकायला हवेत, पण तसं होत नव्हतं, बरेच जण काहीतरी देत होते. मग प्रश्न आला की ही माणसं खरंच उदार आहेत की प्रयोग घेणाऱ्या मास्तरांसमोर लाजतायत? १९९४ साली अमेरिकेत एलिझाबेथ हॉफमन, व्हर्नन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा बंदोबस्त केला की कोणी किती ठेवले हे खुद्द प्रयोग घेणाऱ्यालाही कळणार नाही. आणि झालं काय, तर जवळपास दोन तृतीयांश लोकांनी एक डॉलर पण दिला नाही. आपल्याकडे म्हणतात ना, जनाची नाही तर मनाची तरी. इथे जनाची काढून घेतली तर मनाची किती उरते ते मोजायचा प्रयत्न होता, आणि उरली ती फारशी नव्हती.

मग २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केविन हेली आणि डॅनियल फेसलर यांनी हाच खेळ उलटा केला. बघणारं कोणी नसेल पण बघतंय असं नुसतं वाटलं तर? त्यांनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मागे डोळ्यांचं चित्र ठेवलं, खऱ्या माणसाचे डोळे नाहीत, जुन्या इजिप्तच्या शैलीतलं नक्षीवजा चित्र. चित्र बघत नसतं हे शाळकरी पोराला पण माहीत असतं, तरी डोळे असताना काहीतरी देणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांचं म्हणणं साधारण असं की माणूस लाखो वर्षं छोट्या टोळ्यांत राहिला, तिथे एकदा नाव खराब झालं की पुढे कोणी मदत करत नाही, त्यामुळे कोणी बघतंय का यावर मेंदूचं सतत लक्ष असतं आणि डोळ्यांसारखा आकार दिसला की विचार करायच्या आधीच ती यंत्रणा सावध होते.

आणि आता येतो आपला चहाचा डबा. २००६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत मेलिसा बेटसन, डॅनियल नेटल आणि गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी हे लॅबमधून बाहेर काढलं. त्यांच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटच्या कॉफी रूममध्ये आमच्यासारखाच डबा होता, बरीच वर्षं चालू असलेला. दर ठरलेले, चहा ३० पेन्स, कॉफी ५०, नुसतं दूध १०. वर कपाटावर नजरेच्या उंचीला दरपत्रक लावलेलं. यांनी फक्त एवढंच केलं की दरपत्रकाच्या वरच्या पट्टीत एक आठवडा डोळ्यांचा फोटो, पुढचा आठवडा फुलांचा, परत डोळे, परत फुलं, असे दहा आठवडे. लोकांना प्रयोगाचं काही सांगितलं नाही.

इथे मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी मोजलं कसं. डब्यात किती पैसे आले एवढंच बघून उपयोग नाही ना, परीक्षेच्या आठवड्यात लोक जास्त चहा पितात, सुट्टीला कमी. किती कप गेले हे कोणी मोजत बसत नव्हतं. मग त्यांनी दूध धरलं. आठवड्याला किती लिटर दूध संपलं ते कळतं, त्यावरून साधारण किती कप झाले त्याचा अंदाज येतो, म्हणून हिशोब दर लिटर दुधामागे किती पैसे जमले असा लावला. आणि आकडा आला २.७६. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर फुलांच्या आठवड्यात लिटरमागे ५० रुपये जमत असतील तर डोळ्यांच्या आठवड्यात १३८. फॉरवर्डमधलं "तिप्पट" ते हेच, थोडं फुगवलेलं.

पण आता जरा खोचकपणे बघा. कॉफी रूम वापरणारे लोक ४८. कोणी पैसे टाकले आणि कोणी नाही याची नोंद नाही, म्हणजे सगळे थोडे जास्त प्रामाणिक झाले की तीन-चार जणांनीच जुनी उधारी फेडली हे त्या आकड्यातून सांगताच येत नाही. हातात खरं तर दहाच आकडे आहेत, दर आठवड्याला एक, पाच डोळ्यांचे, पाच फुलांचे. एखाद्याने एका आठवड्यात महिन्याचे एकदम टाकले तर तो आठवडा वर उडी मारणार. आणि एकच खोली, तीही सायकॉलॉजीच्या लोकांची. प्रयोग खोटा आहे असं मी म्हणत नाहीये, हुशारीने केलेला आहे, पण दहा आकड्यांवर अख्ख्या जगाचे डबे भरायला निघणं म्हणजे जरा जास्तच झालं.

त्याच टीमने पुढे अजून एक प्रयोग केला तो माझ्या मते जास्त बोलका आहे, आणि फॉरवर्डमध्ये तो कधी येत नाही. कॅम्पसमध्ये सायकली चोरीला जायच्या, तर त्यांनी सायकल स्टँडच्या तीन जागी मोठ्या डोळ्यांचे बोर्ड लावले, सोबत मजकूर की सायकलचोरांनो, आमचं लक्ष आहे. बाकीचे स्टँड तसेच ठेवले. आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष असा हिशोब, २०१२ मध्ये छापून आला. बोर्ड लावलेल्या जागी चोऱ्या ३९ वरून १५ वर आल्या. ६२ टक्के घट, वा! पण बोर्ड नसलेल्या जागी? तिथे ३१ वरून ५१. आता बेरीज करा, आधी ७० आणि नंतर ६६. म्हणजे चोर सुधारला नाही, तो बाजूच्या स्टँडवर गेला. आणि शिवाय डोळ्यांनी काम केलं की "आमचं लक्ष आहे" या वाक्याने, हेही वेगळं काढता येत नाही, दोन्ही एकाच बोर्डवर होतं.

हे वाचलं तेव्हा मला इंदिरानगरमधल्या आमच्या बिल्डिंगचा जिना आठवला. पान खाऊन कोपऱ्यात थुंकतात म्हणून सोसायटीने गणपती, साईबाबा, आणि सर्वधर्मसमभाव म्हणून बाकीच्याही टाइल्स बसवल्या, नाशिकमध्ये कुठल्याही जुन्या कॉम्प्लेक्समध्ये जा, हे दिसतंच. टाइल्सवर एक डाग नाही. आणि दुसऱ्या मजल्यानंतर टाइल्सचं बजेट संपलं, तिथून वर भिंती लाल. इथे अर्थात नुसते डोळे नाहीत, श्रद्धा आहे, पाप लागेल ही भीती आहे, त्यामुळे न्यूकॅसलच्या फोटोशी सरळ तुलना नको. पण पिचकारी थांबली नाही, एक मजला वर गेली, एवढं मात्र सेम टू सेम.

मधल्या काळात डोळ्यांच्या प्रयोगांचा पूरच आला, कोणाला परिणाम दिसला, कोणाला नाही. २०१३ मध्ये नेटलच्याच टीमने सांगितलं की डोळ्यांमुळे सरासरी रक्कम वाढते असं नाही, फक्त शून्य देणारे कमी होतात. म्हणजे पन्नासचे शंभर कोणी करत नाही, पण अगदीच काही नाही दिलं असं दिसायला नको म्हणून दहाची नोट निघते, आरतीच्या ताटात होतं तसंच. त्याच वर्षी अजून एका अभ्यासात दिसलं की डोळे थोडा वेळ दिसले तर परिणाम होतो, जास्त वेळ समोर राहिले तर नाही. हे तर सरळच आहे, रोज तेच बघून माणूस सरावतो. मग २०१७ मध्ये स्टेफनी नॉर्थओव्हर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे पंचवीसच्या वर प्रयोग एकत्र करून परत गणित मांडलं, आणि उत्तर आलं की डोळ्यांच्या चित्राने उदारपणा वाढतो याला आधार मिळत नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या एका टीमने उदारपणा सोडून फक्त वाईट वागणं, म्हणजे कचरा टाकणं, चोरी वगैरे बघितलं, तिथे मात्र घट दिसली, साधारण ३५ टक्के. मला यातून असं वाटतं की चित्रातले डोळे फार तर वाईट कामापासून हात आखडायला लावतात, पैसे द्यायला खिशात घालायला लावत नाहीत.

मग खरोखर बघणारं कोणी असेल तर? त्यासाठी २०१३ चाच कॅलिफोर्नियाचा एक प्रयोग आहे. उन्हाळ्यात वीज कमी पडते तेव्हा एसी जरा कमी करायचा अशी स्कीम होती, ऐच्छिक. सोसायट्यांमध्ये टपालाच्या पेट्यांजवळ नाव नोंदवायचा कागद लावला, काही ठिकाणी नाव आणि फ्लॅट नंबर लिहायचा, काही ठिकाणी नुसता कोड. फरक एवढाच. नाव लिहायचं होतं तिथे जवळपास तिप्पट लोक आले, आणि २५ डॉलर देऊ केल्याने जेवढा फरक पडला त्याच्या चौपटीहून जास्त फरक या नावाने पडला. इथे कोणाचा फोटो नाही, डोळे नाहीत, शेजारच्या काकू वाचणार आहेत एवढंच. आपल्या गणपती मंडळांना हे कोणी शिकवायची गरज नाही, वर्गणीच्या पावतीला कोड नंबर असता आणि माइकवरून नाव पुकारलं नसतं तर पाचशे एकचे एकशे एक झाले असते हे कुठल्याही खजिनदाराला विचारा.

तर ऑफिसात शेवटी डोळ्यांची प्रिंट लावली नाही. डब्याशेजारी सगळ्यांच्या नावांचा कागद लावला, कप घेतला की आपल्या नावापुढे रेघ मारायची, आणि मी दर शनिवारी दुधाच्या पिशव्या मोजतो आणि डब्यातले पैसे, न्यूकॅसलवाल्यांसारखं. एक अडचण लगेच दिसली, रेघ मारायला पैसे लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात रेघा १४२ आणि डब्यात १,१६० रुपये.