परांची : रंगकामासाठी बांबू आणि पोलादी नळी

परांची म्हणजे इमारतीच्या बाहेरून काम करणाऱ्यांना उभे राहता यावे म्हणून बांधलेला तात्पुरता सांगाडा. उभे खांब, त्यांना जोडणारे लांब आडवे, भिंतीच्या दिशेने जाणारे आखूड आडवे, तिरके आधार आणि पायाखालच्या फळ्या हे तिचे भाग होत. तळमजला व पहिला मजला असलेल्या, गच्चीच्या कठड्यापर्यंत सुमारे 7 मीटर उंचीच्या घराला नव्याने रंग द्यायचा असेल, तर महाराष्ट्रात आजही बांबूची आणि पोलादी नळ्यांची अशा दोन्ही प्रकारच्या परांच्या बांधल्या जातात. नव्या बांधकामात खांबांची आतली ओळ गाळून आखूड आडव्यांची टोके भिंतीतल्या भोकांत बसवता येतात. रंगकामात मात्र भिंत तयार असते आणि बुजवलेले भोक रंगातूनही दिसते, म्हणून येथे दोन ओळींची, स्वतःच्या पायावर उभी राहणारी परांची लागते. पुढील तुलना अशा परांचीची आहे.

भार : रंगकाम हे हलके काम मानले जाते आणि अशा परांचीच्या फळ्यांवर दर चौ. मीटरला सुमारे 150 किग्रॅ. इतका भार धरण्याची रीत आहे. खांबांमध्ये 2 मीटर अंतर आणि तीन फळ्या मिळून 67.5 सेंमी. रुंदी असेल, तर एका गाळ्यात 1.35 चौ. मीटर जागा मिळते. तेथे प्रत्येकी 70 किग्रॅ. वजनाचे दोन रंगारी आणि 20 लिटरची रंगाची एक भरलेली बादली (सुमारे 27 किग्रॅ.) असल्यास दर चौ. मीटरला 124 किग्रॅ. भार येतो, म्हणजे तो मर्यादेत राहतो. त्याच गाळ्यात तिसरा माणूस पुट्टीची 40 किग्रॅ.ची गोणी घेऊन चढला की आकडा 205 वर जातो. खाली उतरण्याचा कंटाळा म्हणून संपूर्ण दिवसाची पुट्टी एकाच जागी वर चढवून ठेवणे ही नेहमीची चूक आहे.

तरीही दुमजली घरावर खांब दबून मोडण्याची वेळ सहसा येत नाही. 48.3 मिमी. व्यासाची व 3.2 मिमी. जाडीची सरळ नळी 2 मीटरच्या मोकळ्या लांबीत काही टन भार पेलते, आणि चांगला जून बांबूही या कामाच्या भाराहून बराच अधिक भार घेतो. दोन्हींत खरा फरक जोडात आहे. पोलादी नळ्यांचा काटकोनी क्लॅम्प ठराविक ताणाने आवळलेला असतो, त्यामुळे तो किती भाराला सरकेल याचा अंदाज आधीच असतो. बांबूचा जोड म्हणजे काथ्याच्या दोरीचे फेरे आणि त्यांवरची गाठ. त्याची ताकद बांधणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते आणि ती मोजून सांगता येत नाही. त्यातच बांबूची जाडी बुंध्यापासून शेंड्याकडे कमी होत जाते आणि दोन वेळू जोडताना एकाचा बुंधा दुसऱ्याच्या शेंड्याशी येतो, म्हणून जोडाच्या जागी पुरेशी लांबी एकमेकांलगत ठेवून ती दोन-तीन ठिकाणी बांधावी लागते.

हवामान : बाहेरचे रंगकाम पावसाळा टाळून, बहुधा दिवाळीच्या आसपास किंवा त्यानंतर, काढले जाते. बांबूची अडचण याच काळात उद्भवते. ओला, नुकताच तोडलेला बांबू वाळताना व्यासाने आकसतो आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेली दोरी काही आठवड्यांत ढिली पडते. बाहेरून सांगाडा जसाच्या तसा दिसतो. फळीवर पाऊल ठेवल्यावर आडवा किंचित खाली सरकतो आणि खांबावर घासल्याची ताजी खूण दिसते, तेव्हाच ते कळते. म्हणून वाळलेला बांबू वापरणे, आणि काम लांबल्यास गाठी पुन्हा आवळणे आवश्यक ठरते. वाळलेल्या बांबूचा शत्रू निराळा असतो : भुंगेऱ्याने पोखरलेल्या वेळूच्या बारीक छिद्रांतून पिठासारखी भुकटी पडते. असा वेळू, किंवा उभी चीर एका पेरातून दुसऱ्या पेरात गेलेला वेळू, जळणाला द्यावा.

पोलादाला आकसण्याची भीती नाही, पण गंज आहे. गंजलेल्या नळीवरून ओघळलेले दवाचे वा अवकाळी पावसाचे पाणी नव्या रंगावर तांबूस रेघा सोडते, आणि रंगाऱ्याला तो भाग पुन्हा करावा लागतो. आतून गंजलेली नळी बाहेरच्या रंगामुळे धडधाकट भासते. हातोडीने ठोकल्यावर तिचा आवाज बद्द येतो.

वाऱ्याचा विचार बहुतेक ठिकाणी होतच नाही. 12 मीटर लांब व 7 मीटर उंच परांचीला पोलादी नळी सुमारे 290 मीटर लागते आणि फळ्या सोडून तिचे वजन एक टनाच्या आसपास भरते. बांबूची तेवढीच परांची त्याच्या निम्म्याहून हलकी असते. रंगाचे थेंब शेजारी उडू नयेत म्हणून तिला जाळी लावली जाते. वळिवाच्या ताशी 72 किमी.च्या झोतात, जाळी निम्मा वारा अडवते असे धरले, तर सर्व पृष्ठावर मिळून सुमारे एक टन रेटा येतो. हा रेटा परांचीच्या मध्यावर, 3.5 मीटर उंचीवर लागतो, तर स्वतःचे वजन तिला केवळ 35 सेंमी. अंतरावरून धरून ठेवते. म्हणजे उलथवणारा जोर सावरणाऱ्या जोराच्या दहापट होतो, आणि बांबूच्या बाबतीत त्याहूनही जास्त. अशा वेळी सांगाड्याचे वजन कामी येत नाही, घराशी घेतलेली बांधणीच कामी येते. भिंतीला भोक न पाडता ती करण्यासाठी खिडकीच्या पोकळीत, चौकटीऐवजी भिंतीच्या दोन्ही कडांच्या मध्ये आडवी नळी किंवा वासा घट्ट अडकवतात आणि परांची त्याला जोडतात. छज्जावर परांचीचे खांब टेकवणे मात्र धोक्याचे असते, कारण छज्जा एका बाजूनेच धरलेला असतो.

सुरक्षा : भारतात परांचीसाठी आय.एस. 3696 (भाग 1, 1987) हे सुरक्षा मानक आहे आणि पोलादी नळ्यांच्या परांचीसाठी 1967 चे आय.एस. 4014 हे मानक आहे. प्रत्यक्षात लहान घरांवर बहुधा एकाच आडव्या बांबूवर पाय टेकून, एका हाताने खांब धरून रंग दिला जातो. या पद्धतीत फळी नाही आणि कठडाही नाही. बांबूच्या परांचीची बदनामी बांबूपेक्षा या सवयीमुळे झाली, असे म्हणता येईल. फळीपासून सुमारे एक मीटरवर कठडा, फळीच्या कडेला 15 सेंमी. उंचीची पट्टी आणि चढायला शिडी, एवढे दोन्ही प्रकारांत करता येते. फळीचे टोक आडव्याच्या पुढे 15 ते 30 सेंमी.पेक्षा जास्त राहू देऊ नये, कारण तेथे पाय पडल्यास फळी उलटते. सुरक्षा पट्ट्याची दोरी परांचीला न बांधता इमारतीच्या भक्कम भागाला बांधावी.

पाया हाही एक फरकाचा मुद्दा आहे. बांबूचे खांब जमिनीत खड्डा करून रोवतात. अंगणात फरशी वा पेव्हर ब्लॉक असल्यास ते शक्य नसते. पोलादी खांबाला खाली बैठकीची पाटी लागते आणि मातीवर असल्यास तिच्याखाली रुंद फळी. घराच्या जोत्यालगतची भराव माती पावसाळ्यानंतर बराच काळ मऊ असते, आणि एक खांब दोन सेंमी. खचला तरी त्याचा भार शेजारच्या खांबांवर सरकतो.

घराजवळून विजेची तार जात असेल, तर पोलादी नळी उभी करतानाच तारेला लागण्याचा धोका सर्वाधिक असतो. कोरडा बांबू त्या मानाने बरा, पण ओला बांबू वीज वाहून नेतो. म्हणून दोन्ही बाबतींत परांची उभारताना व उतरवताना पुरवठा बंद करून घ्यावा.

कोरडा, जून बांबू आणि जाणकार बांधणारा मिळत असेल, अंगण मातीचे असेल आणि काम दोन-तीन आठवड्यांत उरकणार असेल, तर दुमजली घराला बांबू पुरतो. फरशीचे अंगण, महिन्याहून लांबणारे काम, पूर्ण जाळी किंवा मोकळ्यावरचा वारा असेल, तर भाडे जास्त पडले तरी पोलादी नळी घ्यावी.