उतार उणे पाव का येतो? ऑक्साइडमधल्या दोषांच्या आलेखाची पार्श्वभूमी

मे महिन्यात सोलापुरात भट्टी लावणं म्हणजे शिक्षाच. बाहेर ४२-४३ अंश आणि खोलीत हजार अंशांची नळीभट्टी. तरी एम.एस्सी.चा एक विद्यार्थी चिकाटीने बसला होता. बेरियम टायटॅनेटची गोळी, तिला चार प्लॅटिनमच्या तारा आणि नळीतून कार्बन डायऑक्साइडसोबत थोडा थोडा हायड्रोजन. या मिश्रणाचं प्रमाण बदललं की नळीतल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब बदलतो. आठवड्याने वाहकता आणि ऑक्सिजनचा दाब यांचा लॉग-लॉग आलेख घेऊन आला आणि म्हणाला, "सर, उतार चुकला बघा. पुस्तकात उणे एक षष्ठांश आहे, माझा उणे ०.२४ येतोय."

चुकलं काहीच नव्हतं. पण त्याचा उणे पाव कुठून आला हे सांगायचं तर जवळजवळ शंभर वर्षं मागं जावं लागतं.

स्फटिकात प्रत्येक अणू आपापल्या जागी बसलेला असतो, हे चित्र १९२६ साली फ्रेंकेलने मोडलं. तापमान शून्याच्या वर असलं की काही अणू जागा सोडून मधल्या फटीत जाणारच, आणि मागे रिकामी जागा राहणारच, असं त्याने मांडलं. १९३० साली वाग्नर आणि शॉट्की यांनी पुढचं पाऊल टाकलं. ही रिकामी जागा म्हणजे स्फटिकाची खोड नसून रसायनशास्त्रातल्या एखाद्या विरघळलेल्या पदार्थासारखी गोष्ट आहे. तिला संहती असते, तिचा समतोल असतो, आणि त्या समतोलाला वस्तुमान-क्रियेचा नियम लागू होतो. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यांत मोठी उडी हीच. पुढचं बरंचसं बीजगणित आहे.

१९३३ च्या सुमारास वाग्नरने सहकाऱ्यांबरोबर हे तपासलं. झिंक ऑक्साइड आणि क्युप्रस ऑक्साइड गरम करून भोवतीचा ऑक्सिजन कमी-जास्त केला. ऑक्सिजन वाढवला की झिंक ऑक्साइडची वाहकता उतरायची आणि क्युप्रस ऑक्साइडची चढायची. एकात इलेक्ट्रॉन विजेचे वाहक, दुसऱ्यात होल, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याने राहिलेली धन प्रभाराची पोकळी. शिवाय वाहकतेचा लॉग आणि दाबाचा लॉग मांडले की सरळ रेषा येते, आणि तिच्या उतारावरून आत कोणता दोष आहे ते ओळखता येतं. क्युप्रस ऑक्साइडसाठी साधा हिशोब एक अष्टमांश सांगत होता आणि मोजमाप एक सप्तमांशाजवळ आलं. म्हणजे पुस्तकातला उतार आणि भट्टीतला उतार यांचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

हे उतार येतात कुठून? ऑक्साइडमधून एक ऑक्सिजन अणू वायूत निघून गेला तर त्याची जागा रिकामी होते आणि त्याने धरलेले दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात. रिकाम्या जागांची संहती [V], इलेक्ट्रॉनांची n, दाब pO₂ धरला तर समतोल असा:

[V] · n² · √pO₂ = K

पदार्थ अगदी शुद्ध असेल तर एका रिकाम्या जागेमागे दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे n = 2[V]. वरच्या समीकरणात घातलं की n³ हा √pO₂ च्या व्यस्त प्रमाणात येतो, आणि उतार −१/६. विद्यार्थ्याच्या पुस्तकातला तो हाच.

पण खऱ्या पदार्थात होलही असतात आणि अशुद्धीही. टायटॅनियमच्या जागी ॲल्युमिनियम बसला तर चार धन प्रभारांच्या जागी तीनच येतात. अशा कमी प्रभाराच्या अशुद्धीला ॲक्सेप्टर म्हणतात, तिची संहती A धरू. एकूण प्रभार शून्य राहायला हवा, म्हणून होल p धरून

2[V] + p = n + A

याला जोड n · p = Kᵢ ची. तीन समीकरणं, तीन अज्ञात. सोडवायला बसलं की तिसऱ्या घाताचं बहुपद समोर येतं. आज संगणक ते पापणी लवायच्या आत सोडवतो. १९५० च्या दशकात कागद आणि स्लाइड रूल होती, आणि प्रत्येक दाबासाठी नव्याने आकडेमोड.

तेव्हा नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनच्या फिलिप्स प्रयोगशाळेत क्रोगर, फिंक आणि त्यांचे सहकारी कॅडमियम सल्फाइडसारख्या पदार्थांतल्या दोषांचे हिशोब करत होते. तिथल्याच ब्रॉवरने १९५४ साली संस्थेच्या संशोधनपत्रिकेत एक लेख लिहिला. युक्ती इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. प्रभाराच्या समीकरणात चार पदं असली तरी कोणत्याही एका दाबाला डावीकडचं एक आणि उजवीकडचं एकच पद खरं मोठं असतं. बाकीची त्यांच्यापुढे किरकोळ. मग दाबाच्या त्या पट्ट्यापुरतं समीकरण दोनच पदांचं लिहायचं. सगळी समीकरणं गुणाकाराची उरतात, लॉग घेतला की बेरजेची होतात, आणि आलेखावर फक्त सरळ रेषा राहतात. १९५६ साली क्रोगर आणि फिंक यांनी दीर्घ लेखात हीच रीत पद्धतशीर मांडली आणि दोषांना आज वापरतो ती चिन्हं दिली. आलेखाला मात्र नाव ब्रॉवरचं लागलं.

आता एकदा तो आलेख हाताने काढू. आकडे मी सोयीचे घेतलेत, पण बेरियम टायटॅनेटला न शोभणारे नाहीत. सगळे लॉगमध्येच सांगतो: संहती घन सेंटिमीटरला, दाब वातावरणात. 'दाब उणे १६' म्हणजे दहाचा उणे सोळावा घात. अशुद्धी A १८, म्हणजे दहा लाख टायटॅनियममागे साधारण ६० परके अणू. Kᵢ ३०. K ४५.७. नव्या पेठेत मिळणारा लॉग-लॉग कागद इथे उपयोगाचा नाही, कारण त्यावर दसपटीचे चार-पाच खाने असतात आणि आपल्याला वीस-बावीस लागतील. साधा मिलिमीटरचा आलेख कागद घ्या आणि दर सेंटिमीटरला दसपट धरा.

मधल्या पट्ट्यात 2[V] आणि A ही मोठी पदं. मग [V] अशुद्धीनेच ठरते, १७.७ वर आडवी रेषा. ती हलत नाही म्हटल्यावर पहिल्या समीकरणात n² एकटाच √pO₂ च्या व्यस्त राहतो, आणि उतार −१/४. एक वातावरणाला n येतो १४, तिथून डावीकडे दर चार सेंटिमीटरला एक सेंटिमीटर वर. होल त्याच्या उलट, एक वातावरणाला १६ आणि डावीकडे खाली. दोन्ही रेषा दाब उणे ४ ला १५ वर एकमेकींना छेदतात.

डावीकडे जात राहिलं की n चढत चढत उणे १६ ला १८ वर, म्हणजे अशुद्धीच्या बरोबरीला येतो. तिथून पुढे मोठी पदं 2[V] आणि n. पुस्तकातला −१/६ इथे सुरू होतो, त्याआधी नाही. आणि उजवीकडे होल अशुद्धीला कधी गाठतील? दाब अधिक ८ ला, म्हणजे दहा कोटी वातावरणांना. तो पट्टा कागदावरच राहतो.

विद्यार्थी मोजत होता उणे ९ ते उणे १४ मध्ये. म्हणजे तो मधल्या पट्ट्यातच होता आणि त्याची गोळी अगदी बरोबर वागत होती.

"पण सर, पावडर ९९.९ टक्के शुद्ध आहे." हो, म्हणजे हजारात एक भाग काय आहे ते डबीवर लिहिलेलं नाही. शुद्धतेचा परिणाम किती तीव्र असतो हे आलेखावरूनच काढता येतं. अशुद्धी दसपट कमी करून A १७ घेतला, तर −१/६ चा पट्टा उणे १६ ऐवजी उणे १० लाच सुरू होतो. अशुद्धी एक खाना खाली, तर दोन रेषा जिथे जुळतात तो कोपरा सहा खाने उजवीकडे. म्हणून एकाच पदार्थाबद्दल दोन प्रयोगशाळांचे उतार जुळेनात, आणि दोन्ही खऱ्या. १९८१ साली अमेरिकेत स्माइथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मुद्दाम काहीही न मिसळलेलं बेरियम टायटॅनेटसुद्धा ॲक्सेप्टर मिसळल्यासारखं वागतं. कारण सरळ आहे: निसर्गात मुबलक असलेले लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम हे सगळे टायटॅनियमपेक्षा कमी प्रभाराचे.

सरळ रेषांच्या या युक्तीत एक खोट आहे, ती कोपऱ्यात. उणे १६ ला रेषा सांगते n म्हणजे अशुद्धीइतका. पूर्ण समीकरण सोडवलं तर तो ०.७५ पटच येतो. कागदावर हा फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर, त्यामुळे त्याची कुणी फिकीर करत नाही. फसवतो तो उतार. नेमक्या कोपऱ्यावर खऱ्या वक्राचा उतार −०.२१ असतो, आणि वळण दोन्ही बाजूंना तीन-तीन खाने पसरलेलं. म्हणजे ज्याच्या मापनाचा पल्ला चार खान्यांचा आहे आणि तो कोपऱ्यावरच पडला, त्याला चांगली सरळ वाटणारी −१/५ ची रेषा मिळते. मग तो एक पंचमांश देणारा नवा दोष शोधायला लागतो. असा दोष नसतो, असतं ते वळण.

दुसरी फसगत तळाशी. n आणि p जिथे छेदतात तिथेच वाहकता सगळ्यांत कमी असेल असं वाटतं. पण इलेक्ट्रॉन होलपेक्षा चपळ असले तर तळ थोडा उजवीकडे सरकतो. आपल्या उदाहरणात तिथे रिकाम्या जागा इलेक्ट्रॉनांच्या पाचशे पट आहेत. त्या संथ असल्या तरी इतक्या संख्येने थोडी वीज वाहून नेतात आणि तळ सपाट करतात.

आणि हे सगळं समतोलाचं चित्र आहे, एका तापमानाचं. वायू बदलल्यावर रोध स्थिर झाला म्हणजे समतोल आला असं धरू नये. एकदा जास्त ऑक्सिजनकडून आणि एकदा कमीकडून त्याच दाबाला यावं, दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच खरा. विद्यार्थ्याचे दोन बिंदू रेषेबाहेर होते. वहीत तारीख पाहिली तर दोन्ही दुपारी वीज गेली होती आणि भट्टी नंतर घाईने चढवली होती. दाब फारच उतरवला तर आलेखच संपतो, कारण ऑक्साइडचं रूपांतर वेगळ्याच पदार्थात होतं. संक्रांतीची काळी सुगडं आठवा. धुरात कोंडलेल्या आव्यात लाल लोह ऑक्साइडचं काळं होतं (धुरातला कार्बनही मुरतोच), ते दोष वाढून नव्हे, संयुगच बदलून.

त्याला आता दुसरी गोळी करायला सांगितली आहे, मोजून ॲल्युमिनियम घातलेली. मधल्या पट्ट्यात n हा अशुद्धीच्या वर्गमुळाच्या व्यस्त असतो, तेव्हा नवी रेषा जुनीला समांतर आणि खाली यायला हवी. ती बरोबर अर्धा सेंटिमीटर उतरली तर एकूण अशुद्धी दसपट झाली, म्हणजे पहिल्या गोळीत आधीच होती ती आपण घातलेल्याच्या एक नवमांश. डबीवर न लिहिलेला आकडा तोच. गोळी काल रात्री भट्टीत गेली आहे, उतरवायची ती पहाटे, ऊन चढायच्या आत.