नाणेफेकीच्या बाजारात ३८ टक्के नफा

शेअर बाजारातला सगळ्यात साधा नियम घेऊ. शेअरचा बंद भाव गेल्या २० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर शेअर हातात ठेवायचा, खाली गेला की विकून पैसे मोकळे ठेवायचे. ही सरासरी म्हणजेच मूव्हिंग ॲव्हरेज. जुने भाव घेऊन हा नियम पाळला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब म्हणजे बॅकटेस्ट. पायथनच्या चार-पाच ओळींत तो होतो. त्यामुळेच समाजमाध्यमांवर वर्षाला ३०-४० टक्के दाखवणाऱ्या आलेखांचा सुकाळ आहे.

असा आलेख तपासायची माझी आवडती पद्धत म्हणजे खरा बाजार बाजूला ठेवायचा आणि खोटा बाजार तयार करायचा. रोजचा चढ-उतार पूर्णपणे यादृच्छिक, कालचा आजशी काही संबंध नाही, सरासरी वाढ शून्य आणि रोजची हालचाल साधारण एक टक्का. अशा नाणेफेकीच्या बाजारात कोणताही नियम पैसे मिळवू शकत नाही, हे गणितानंच ठरलेलं आहे. आता त्यावर आपला नियम चालवू.

```python
import numpy as np, pandas as pd
r = pd.Series(np.random.normal(0, 0.01, 250_000))
p = r.cumsum()
hold = (p > p.rolling(20).mean()).astype(int)
print((hold * r).mean() * 250)
print((hold.shift(1) * r).mean() * 250)
```

इथे `r` म्हणजे रोजचा परतावा आणि `p` त्यांची बेरीज, म्हणजे भावाचा लॉगॅरिदम. वर्षात व्यवहाराचे २५० दिवस धरले, तर ही हजार वर्षं झाली. पहिली `print` ओळ साधारण ०.३८ दाखवते. वर्षाला ३८ टक्के, तेही जिथे मिळवण्यासारखं काहीच नाही अशा बाजारात! दुसरी ओळ शून्याच्या आसपास येते. दोघींत फरक फक्त `shift(1)` चा, जो कालचा निर्णय आजच्या परताव्याला लावतो.

झालं काय? आज भाव चांगला वाढला, म्हणून तो सरासरीच्या वर गेला. पहिल्या ओळीनं त्याच वाढीचा नफा आपल्या खात्यात जमा केला. म्हणजे संध्याकाळी बंद भाव कळल्यावर घेतलेला निर्णय तिनं काल संध्याकाळीच घेतला असं धरलं. याला लुकअहेड बायस म्हणतात: त्या क्षणी ठाऊक नसलेली माहिती वापरणं. कोड कुठेही अडत नाही, लाल अक्षरांत इशारा येत नाही, आलेख मात्र सुंदर दिसतो. २० ऐवजी २०० दिवसांची सरासरी घेतली तर एका दिवसाचं वजन कमी होतं, पण फुकटचा नफा तरीही वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास राहतो. ही चूक जास्त घातक, कारण १२ टक्के कोणालाही खरे वाटतात. म्हणून खऱ्या डेटाला हात लावण्याआधी पूर्ण कोड एकदा असल्या बनावट भावांवर चालवावा. खर्च न धरता तिथे नफा दिसला तर तो पुढची माहिती मागे गळल्याचाच.

`shift(1)` घातलं की मोठी गळती बंद होते, एक बारीक मात्र उरते. आज बंद भावावर निर्णय आणि त्याच बंद भावाला खरेदी, असं आता आपण धरतो आहोत. आपल्याकडच्या जुन्या डेटातला एनएसईचा बंद भाव म्हणजे दुपारी ३ ते ३.३० या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी. साडेतीनला बाजार बंद झाल्याखेरीज ती पूर्ण कळतच नाही. कळेपर्यंत नेहमीचे व्यवहार थांबलेले असतात. म्हणून मी दुसऱ्या दिवशीचा सुरुवातीचा भाव धरतो. तो सकाळी ९ ते ९.१५ च्या प्री-ओपन सत्रात ठरतो आणि तिथे ऑर्डर टाकता येते. रात्रीत भाव जितका सरकेल तो फरक आपल्या पदरात, चांगला असो की वाईट.

लुकअहेडची आणखी एक वाट समायोजित भावांतून येते. बोनस किंवा स्प्लिट होऊन शेअरांची संख्या वाढली की डेटा देणारे मागचे सगळे भाव त्या प्रमाणात कमी करतात. रिलायन्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा मागचे सगळे भाव निम्मे झाले. सरासरीच्या वर की खाली, या प्रश्नाला त्यानं धक्का लागत नाही, कारण दोन्ही बाजू निम्म्या होतात. पण ‘भाव १५०० रुपयांच्या खाली असेल तरच घ्या’ अशी अट घातलीत, तर २०२३ सालच्या रिलायन्सला पुढच्या वर्षीच्या बोनसमुळे प्रवेश मिळेल.

आता खर्च. त्यासाठी आधी कळायला हवं की हा नियम किती वेळा खरेदी-विक्री करायला लावतो. नाणेफेकीच्या बाजारात २० दिवसांची सरासरी भाव वर्षात सुमारे ३१ वेळा ओलांडतो, म्हणजे खरेदी आणि विक्री मिळून १५-१६ फेऱ्या. २०० दिवसांच्या सरासरीला जेमतेम पाच. खऱ्या शेअरचा आकडा वेगळा येईल, तो आपल्या डेटावर मोजून घ्यावा, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे.

एक लाखाचा शेअर डिलिव्हरीत घेतला आणि विकला, ब्रोकरनं दलाली शून्य लावली, असं धरू. एसटीटी हा व्यवहारावरचा सरकारी कर दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे १०० आणि १०० रुपये. खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्के, १५ रुपये. एक्स्चेंजचं शुल्क दोन्ही वेळचं मिळून सहा रुपयांच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, सेबीचे काही पैसे. विकताना डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचा डीपी चार्ज १५-२० रुपये. बेरीज साधारण २४० रुपये, म्हणजे ०.२४ टक्के. दहा हजारांचाच व्यवहार असेल तर डीपी चार्ज काही कमी होत नाही आणि टक्केवारी ०.४ च्या घरात जाते. छोट्या खात्याची बॅकटेस्ट म्हणूनच त्याच रकमेवर करायला हवी, टक्क्यांत सरसकट नव्हे.

हे खर्च निदान काँट्रॅक्ट नोटवर छापून येतात. स्लिपेज, म्हणजे दिसलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक, कुठेच छापून येत नाही. समजा खरेदीदार जास्तीत जास्त ९९.९० द्यायला तयार आहे आणि विकणाऱ्यांची रांग अशी: १००.१० ला २०० शेअर, १००.२० ला ३००, १००.४० ला ५००. चार्टवर भाव १०० दिसतो. तुम्ही बाजारभावानं १००० शेअर मागितले की तिन्ही पायऱ्या संपतात आणि सरासरी भाव १००.२८ पडतो. कोणी फसवलं नाही, तरी ०.२८ टक्के गेले. एनएसई याला इम्पॅक्ट कॉस्ट म्हणतं आणि निफ्टी ५० मध्ये येण्यासाठी त्यावर अटही आहे: १० कोटींच्या बास्केटसाठी, सहा महिन्यांतल्या ९० टक्के नोंदींमध्ये ही किंमत ०.५० टक्के किंवा त्याहून कमी हवी. निफ्टीतल्या शेअरसाठी, छोट्या रकमेला, मी प्रत्येक बाजूला ०.१ टक्का धरतो. स्मॉलकॅपला हा आकडा लावणं म्हणजे स्वतःचीच समजूत काढणं.

मग शुल्कांचे ०.२४ आणि दोन्ही बाजूंच्या स्लिपेजचे ०.२ मिळून फेरीला ०.४४ टक्के. वर्षाला १६ फेऱ्या म्हणजे सात टक्के, २०० दिवसांच्या सरासरीला दोन-सव्वादोन. शिवाय २० दिवसांच्या नियमातला जवळजवळ सगळा नफा अल्पकालीन ठरतो आणि त्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे. वर्षाच्या आत काहीच न विकणाऱ्याला तो लागत नाही, त्यामुळे ‘घ्या आणि विसरा’शी तुलना करताना कर सोडून दिला तर ती तुलना एका बाजूला झुकते.

स्लिपेजचं टोक म्हणजे लोअर सर्किट. ज्या शेअरांवर फ्युचर्स-ऑप्शन्स नाहीत त्यांना दिवसाच्या चढ-उताराची मर्यादा असते. ५ टक्क्यांच्या मर्यादेवर शेअर अडकला की विकणारे लाखभर आणि घेणारा एकही नाही अशी स्थिती येते. बॅकटेस्टला मात्र बंद भावाची ओळ दिसते आणि ती निवांत विकून मोकळी होते. डेटात हे ओळखणं सोपं आहे: त्या दिवसाचा उच्च आणि नीच भाव एकच, आणि तोही आदल्या दिवसापेक्षा नेमका ५ टक्के खाली. अशा दिवशी विक्री होऊ द्यायची नाही, एवढी एक अट कोडमध्ये घातली की स्मॉलकॅपचे बरेच आलेख जमिनीवर येतात.

इतकं करूनही सगळ्यात मोठी लबाडी शेअरांच्या यादीत लपलेली असू शकते. आजचे निफ्टी ५० चे शेअर घ्यायचे आणि २००८ पासून नियम चालवायचा, हे फार वेळा दिसतं. त्या यादीत पुण्याची बजाज फायनान्स आहे. २००८ साली ती बजाज ऑटो फायनान्स नावाची तुलनेनं छोटी कंपनी होती आणि निफ्टीत आली २०१७ मध्ये, कारण मधल्या काळात ती प्रचंड वाढली. जानेवारी २००८ च्या निफ्टीत मात्र युनिटेक होती, सुझलॉन होती, रिलायन्स कम्युनिकेशन्स होती, सत्यम होती. युनिटेकचा भाव तेव्हा पाचशेच्या वर होता, पुढे तो काही रुपयांवर आला. आजच्या यादीतून यांपैकी एकही तुमच्या बॅकटेस्टमध्ये येत नाही. टिकलेल्यांचीच परीक्षा घ्यायची आणि सगळे पास झाले म्हणायचं, हाच सर्व्हायव्हरशिप बायस.

यावर नेहमीचं उत्तर येतं की, घसरणाऱ्या शेअरमधून सरासरीचा नियम आपल्याला आधीच बाहेर काढतो. युनिटेकसारख्या लांबलेल्या घसरणीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. एका दिवसात कोसळणाऱ्या शेअरमध्ये मात्र त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं, हिशेब फुगवल्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं आणि एका दिवसात भाव १७९ च्या आसपासून ४० च्या आसपास आला. बंद भावावर चालणाऱ्या नियमाला अशी पडझड घडून गेल्यावरच समजते, आणि विकायचं असतं ते उरलेल्या भावाला.

उपाय कष्टाचा आहे, महाग नाही. एनएसईची रोजची भावकॉपी त्या दिवशी व्यवहार झालेले सगळे शेअर दाखवते, पुढे बुडालेले धरून. फक्त बोनस आणि स्प्लिटचा हिशेब आपला आपण करावा लागतो. निर्देशांकात कोण कधी आलं आणि गेलं, याची निवेदनं एनएसई इंडायसेस काढतं. त्यावरून प्रत्येक तारखेची यादी बांधायची आणि नियम त्या दिवशीच्या यादीवरच चालवायचा.

हे जमत नसेल तर निदान फुगवटा किती आहे ते मोजता येतं. तुमच्या यादीतले सगळे शेअर सुरुवातीला समान रकमेनं घ्या, ठराविक काळानं रक्कम पुन्हा समान करा, कोणताही नियम लावू नका. मग तो परतावा निफ्टी ५० इक्वल वेट निर्देशांकाच्या लाभांशासह परताव्याशी त्याच काळासाठी ताडून पाहा. लाभांश एका बाजूला धरला तर दुसऱ्याही बाजूला धरा. काहीच न करता तुमची यादी निर्देशांकाच्या पुढे गेली असेल, तर तो जादा परतावा यादीनं दिलेला आहे. नियमाच्या परताव्यातून तेवढा भाग आधी वजा करायचा, मग सरासरी २० दिवसांची घ्यावी की २०० ची, याचा विचार.