ज्ञानेश्वर कुठे सापडतो: D, G, J की ज?

फोनमध्ये एखादा ज्ञानेश्वर शोधायचा तर काय टाइप करायचं? नंबर सेव्ह करताना आपण Dnyaneshwar लिहिलं होतं की Gyaneshwar, की कुठल्या कागदावर पाहून Jnaneshwar? त्या एका अक्षरावर तो यादीत D, G किंवा J खाली जातो. देवनागरीत लिहिला असेल तर या तिन्ही ठिकाणी नसतोच. यावर उपाय म्हणून बऱ्याच जणांनी एकाच नावात दोन्ही लिप्या लिहायला सुरुवात केली. ही सवय का लागली, हे कळायला सिम कार्डापर्यंत मागे जावं लागतं.

जीएसएम फोनची मूळ अक्षरमाला सात बिटांची होती. तिच्यात रोमन अक्षरं होती, गंमत म्हणजे दहा ग्रीक कॅपिटल अक्षरंही होती, पण देवनागरी नव्हती. पुढे सिमवर इतर लिप्यांची सोय झाली, तरी तिच्या साध्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला दोन बाइट आणि सुरुवातीला खुणेचा एक बाइट लागे. 'ज्ञानेश्वर' दिसायला आटोपशीर आहे, पण हलन्त आणि मात्रा धरून त्यात दहा चिन्हं होतात, म्हणजे एकवीस बाइट. नावाला चौदा बाइटच देणाऱ्या सिमवर ते मावणार नाही. Dnyaneshwar मात्र अकरा बाइटांत बसतं. रोमन लिहिण्याची सवय अशी जागेच्या टंचाईतून लागली. शिवाय त्या काळच्या कितीतरी फोनांना देवनागरी दाखवताच येत नव्हती.

युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली, तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. स्मार्टफोनवर ती नीट दिसू लागली आणि जागेचा प्रश्न मिटला, पण क्रमाचा उरला. फोनची भाषा इंग्रजी असेल तर देवनागरी नावं साधारणपणे Z च्याही खाली जातात. भाषा मराठी केली की बहुधा ती वर येतात आणि रोमन नावं खाली ढकलली जातात. त्यात ज्ञ ची अडचण वेगळीच. आपल्या वर्णमालेत तो ह, ळ, क्ष यांच्या नंतर, अगदी शेवटी येतो. युनिकोडमध्ये मात्र ज्ञ असं स्वतंत्र अक्षर नाही; ज, हलन्त आणि ञ मिळून तो होतो. मराठीचा क्रम न पाळणारं ॲप ज्ञानेश्वरला ज मध्येच बसवतं.

या गोंधळावरचा उपाय फोनमध्ये आधीपासून आहे, फक्त तो आपल्यासाठी केलेला नव्हता. जपानी कांजीत लिहिलेलं नाव कसं वाचायचं, हे नुसत्या अक्षरांवरून नक्की कळत नाही. म्हणून तिथे नावासोबत उच्चार वेगळा नोंदवतात आणि यादी उच्चारानुसार लावतात. 'Phonetic first name' आणि 'Phonetic last name' हे रकाने मुख्यतः त्या गरजेतून आले. संपर्क देवाणघेवाणीच्या व्हीकार्ड प्रमाणाच्या 1998 च्या आवृत्तीतही क्रमासाठी SORT-STRING ही वेगळी ओळ होती. आपली अडचण नेमकी उलटी आहे. देवनागरी वाचताना शंका नसते, रोमन स्पेलिंगलाच ठावठिकाणा नसतो. तरीही तेच रकाने आपल्या कामी येतात.

नावाच्या रकान्यात 'ज्ञानेश्वर' लिहा आणि उच्चाराच्या रकान्यात Dnyaneshwar. अँड्रॉइडच्या मूळ संपर्क-व्यवस्थेत आणि आयफोनवर क्रम लावताना उच्चाराला प्राधान्य मिळतं, म्हणून स्क्रीनवर देवनागरी दिसते पण नाव D मध्ये सापडतं. आडनावही लिहिलं असेल तर त्याचाही उच्चार भरावा, नाहीतर आडनावाने लावलेल्या यादीत नाव पुन्हा भलतीकडे जातं. उरलेली स्पेलिंगं 'Nickname' मध्ये ठेवता येतात: Gyaneshwar Jnaneshwar. क्रमावर परिणाम होत नाही, शोधात मात्र ती सापडतात.

मर्यादा दुसऱ्या ॲपमध्ये गेल्यावर दिसते. मेसेज पाठवणारी कितीतरी ॲप्स फक्त दिसणारं नाव वाचतात, उच्चाराकडे बघत नाहीत. ब्लूटूथने जोडलेल्या गाडीच्या स्क्रीनकडे देवनागरी फाँट नसेल तर नावाच्या जागी चौकोन उमटतात. अशा ठिकाणी 'Dnyaneshwar ज्ञानेश्वर' असं एकत्र लिहिणंच बरं. मी स्वतः रोमन आधी ठेवतो, कारण लांब नाव कापलं गेलं तरी वाचता येणारा भाग उरतो.

नुसती देवनागरी ठेवण्यातला आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त देतात. काही र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधाला ती वेगळी वाटू शकतात. ओळखायची रीत सोपी आहे: संपर्कातलं नाव कॉपी करून शोधात चिकटवलं तर सापडतं आणि हाताने टाइप केलं तर सापडत नाही, असं झालं की चिन्हं वेगळी आहेत असं समजावं. मग नाव पुसून आपल्या रोजच्या कीबोर्डने पुन्हा लिहावं. शेजारी Karhade लिहिलेलं असेल, तर तोवरही तो माणूस सापडतो.