१८५७ च्या धड्यावर वीस गुणांची घटक चाचणी काढताना

‘१८५७ च्या उठावाची कारणे लिहा’ आणि ‘१८५७ चा उठाव का अयशस्वी झाला?’ या दोन प्रश्नांपैकी दुसरा वरच्या पातळीचा वाटतो, कारण त्यात ‘का’ आहे. पण अपयशाचे मुद्दे वहीत उतरवून दिलेले असतील, तर मूल तेही पाठच करते. मग दोन्ही प्रश्न स्मरणाचेच ठरतात. मुलाला आधी काय सांगितले गेले आहे, यावर प्रश्नाची पातळी ठरते. ‘स्पष्ट करा’, ‘विश्लेषण करा’ असे शब्द घातल्याने ती वाढत नाही.

बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांची चढती रचना मांडली. ती २००१ मध्ये सुधारली गेली. संविधान तक्ता भरताना आपण तिचाच आधार घेतो. वीस गुणांच्या चाचणीत मी स्मरणाला ४, आकलनाला ५, उपयोजनाला ३, विश्लेषणाला ४ आणि मूल्यमापनाला ४ गुण ठेवेन. पहिल्या दोन पातळ्यांवर मिळून ९ गुण आहेत, ते मुद्दाम. तपशील हाताशी नसेल तर पुढचा विचार कशावर उभा राहणार?

स्मरणाचा प्रश्न सरळ असावा: मेरठच्या शिपायांनी १० मे १८५७ रोजी उठाव केल्यावर कोणत्या शहराकडे कूच केले? इथे एक गल्लत हमखास होते. मंगल पांडे कितव्या पलटणीत होते, हा प्रश्न अवघड आहे, पण वरच्या पातळीचा नाही. काठिण्य आणि पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकलनासाठी काडतुसांचे प्रकरण हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिपायांना का झोंबले, हे स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगता येते.

इतिहासात उपयोजन कसले, असे पुष्कळ शिक्षक विचारतात. दोन काल्पनिक संस्थाने द्या. पहिले कंपनीचे मांडलिक आहे. तिथला राजा औरस पुत्राविना वारला, पण त्याने दत्तक घेतलेला आहे. दुसऱ्याचा राजा हयात आहे, वारसही आहेत. पण तिथला कारभार बिघडला आहे, अशी कंपनीची तक्रार आहे. दत्तकवारस नामंजूर करून यांपैकी कोणते संस्थान खालसा करता येईल? पहिले साताऱ्यासारखे आहे (१८४८), दुसरे अवधसारखे (१८५६). ‘डलहौसीने संस्थाने खालसा केली’ एवढेच घोकलेले मूल दोन्ही नावे लिहिते. कच्चा दुवा नेमका तिथे उघडा पडतो.

विश्लेषणासाठी राणीचा १ नोव्हेंबर १८५८ चा जाहीरनामा फार उपयोगी आहे. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, राज्याचा आणखी विस्तार करणार नाही, नोकऱ्या देताना वंश आणि धर्म पाहणार नाही, अशी आश्वासने त्यात होती. ती प्रश्नपत्रिकेतच छापा आणि प्रत्येक आश्वासन उठावाच्या कोणत्या कारणाला उत्तर म्हणून आले असावे, हे विचारा. कारणे आणि परिणाम मुलांनी वेगवेगळे वाचलेले असतात. त्यांची जोडी त्यांना स्वतः लावावी लागते. मात्र वर्गात ही जोडी आधीच फळ्यावर लावून दाखवली असेल, तर हाही प्रश्न घसरून स्मरणावर येतो.

मूल्यमापनात सर्वांत जास्त फसगत होते. ‘हे स्वातंत्र्ययुद्ध होते का? तुमचे मत लिहा’ असे विचारले की वर्गात ऐकलेले मत परत येते. त्याऐवजी एक साधन तपासायला द्यावे. विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात शहरात होते. त्यांनी ‘माझा प्रवास’ मात्र बऱ्याच वर्षांनंतर आठवणीतून लिहिला आणि तो १९०७ मध्ये छापून आला. ही माहिती आणि वेढ्याचा छोटा उतारा देऊन विचारायचे: यातली कोणती बाब तुम्ही ग्राह्य धराल, कोणती दुसऱ्या साधनाशी ताडून पाहाल, आणि का? शहरातल्या गल्लीत डोळ्यांनी पाहिलेले एकीकडे आणि इंग्रजांच्या छावणीत काय शिजत होते याची ऐकीव बातमी दुसरीकडे, हा फरक मुलाने करायला हवा.

गुणदान योजना आधीच लिहून ठेवा: ग्राह्य बाबीला उताऱ्यातला आधार १ गुण, ती ग्राह्य का हे १, शंकास्पद बाब आणि तिचे कारण १, ताडून पाहायला योग्य साधन सुचवले तर १. भाषा सुंदर आहे म्हणून गुण नाही, आणि निष्कर्ष आपल्याला पटला नाही म्हणून वजाबाकीही नाही.

छपाईआधी दोन गोष्टी पाहा. उताऱ्यातल्या एखाद्या नावामुळे रिकाम्या जागेचे उत्तर फुटत नाही ना? आणि तारीख विसरलेल्या मुलालाही विश्लेषणाचा प्रश्न सोडवता येतो ना? उत्तरपत्रिका आल्यावर वरच्या दोन पातळ्यांची उत्तरे शेजारीशेजारी ठेवून वाचा. निम्म्या वर्गाची वाक्ये शब्दशः जुळत असतील, तर संविधान तक्त्यात त्या प्रश्नाची नोंद स्मरणाच्या रकान्यात करा आणि पुढच्या चाचणीसाठी उतारा बदला.