गेन शेड्युलिंगची पार्श्वभूमी: शंकूच्या टाकीतील इंटिग्रलचा प्रश्न

कंट्रोलर त्रुटीला किती जोराने उत्तर देतो ते प्रमाण म्हणजे त्याचा गेन. कार्यबिंदूनुसार हा गेन आधी आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे बदलण्याची पद्धत, म्हणजे गेन शेड्युलिंग, १९५० च्या दशकात विमानांच्या स्वयंचलित नियंत्रणातून रूढ झाली. उंची आणि वेग बदलला की त्याच सुकाणू-पृष्ठाचा प्रभाव कित्येक पटींनी बदलतो, आणि हवेचा गतिज दाब मोजता येत असल्यामुळे त्यावरून गेन ठरवणे शक्य होते. त्याच काळात कंट्रोलरने स्वतःच गेन शोधावा असेही प्रयोग झाले. १९६७ मध्ये अशी स्वानुकूल प्रणाली असलेले एक प्रायोगिक रॉकेट-विमान कोसळून वैमानिकाचा मृत्यू झाला आणि त्या मार्गावरचा विश्वास डळमळला. आधी आखून ठेवलेले वेळापत्रक मात्र टिकून राहिले.

प्रक्रिया उद्योगात ही पद्धत उशिरा आली, कारण हवेच्या दाबावर चालणाऱ्या कंट्रोलरमध्ये दोन संकेतांचा गुणाकार करणे कटकटीचे होते. तिथे बदलत्या गेनची भरपाई बहुधा व्हॉल्व्हच्या वैशिष्ट्यातूनच केली जाई. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकीय नियंत्रण प्रणाली आल्यावर गुणाकार फुकट झाला, आणि इथूनच या पद्धतीचा आज महत्त्वाचा असलेला इतिहास सुरू होतो. गुणाकार करता येऊ लागला, पण तो नेमका कुठे करायचा हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

तो प्रश्न समजण्यासाठी टोक खाली असलेली शंकूच्या आकाराची एक टाकी घेऊ. तिची उंची २ मीटर आणि वरची त्रिज्या १ मीटर आहे. तळातून पंप दर सेकंदाला २ लिटर पाणी काढतो, म्हणजे बाहेरचा प्रवाह पातळीवर अवलंबून नाही. कंट्रोलर आत येणारा प्रवाह बदलून पातळी राखतो. पातळी ०.५ मीटर असताना पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते आणि १.५ मीटरला ते सुमारे १.७७ चौरस मीटर, म्हणजे नऊपट होते. तेवढ्याच प्रवाहाने वरची पातळी नऊपट सावकाश हलते.

गेन स्थिर ठेवला तर काय होते, हे पीआय म्हणजे प्रोपोर्शनल-इंटिग्रल कंट्रोलरवर काम करणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते, पण त्याची दिशा नवख्याला चकवते. इंटिग्रल वेळ १४० सेकंद ठेवून ०.५ मीटरला ०.७ इतके अवमंदन मिळवायचे, तर प्रत्येक मीटर त्रुटीमागे सुमारे २.७५ लिटर प्रतिसेकंद इतका गेन लागतो. हाच गेन १.५ मीटरला वापरला की अवमंदन तिसऱ्या हिश्श्यावर, सुमारे ०.२३ वर येते आणि पातळी अर्ध्या तासाहून थोड्या मोठ्या आवर्तनाने झुलत राहते. झोके दिसले की गेन कमी करण्याचा हात इथे चुकतो, कारण पातळीच्या लूपमध्ये हे सावकाश झोके गेन अपुरा असल्याचे लक्षण आहे. उलट १.५ मीटरला योग्य असलेला सुमारे २५ चा गेन खाली वापरला की लूपचा वेग नऊपट होतो आणि व्हॉल्व्ह व पाइपमधील विलंबामुळे तो अस्थिर होऊ शकतो. म्हणून इंटिग्रल वेळ तीच ठेवून गेन क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे पातळीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलायचा, हे उत्तर सरळ निघते.

वाद यानंतर सुरू होतो. u हा कंट्रोलरने ठरवलेला आत येणारा प्रवाह, h ही पातळी, e ही सेटपॉइंट आणि पातळी यांच्यातली त्रुटी, Kc हा गेन आणि Ti ही इंटिग्रल वेळ मानली, तर पीआय समीकरण दोन प्रकारे लिहिता येते:

```
u = Kc(h) * ( e + (1/Ti) * ∫ e dt )
u = Kc(h) * e + ∫ ( Kc(h)/Ti ) * e dt
```

गेन स्थिर असेल तर दोन्हींत काहीच फरक नाही, आणि म्हणूनच पहिले रूप बिनदिक्कत वापरले गेले. गेन पातळीबरोबर बदलू लागला की पहिल्या रूपात इतका वेळ साठलेल्या संपूर्ण इंटिग्रलला नव्या गेनने गुणले जाते. टाकी ०.५ मीटरवर संतुलित आहे, त्रुटी शून्य आहे आणि पंपाइतका २ लिटरचा प्रवाह सगळा इंटिग्रलमधून येतो आहे असे समजा. पातळी १ सेंटिमीटर वाढली. प्रोपोर्शनल भाग प्रवाह सुमारे ०.०३ लिटरने घटवतो, जे योग्यच आहे. पण क्षेत्रफळ ४ टक्क्यांनी वाढल्याने गेनही ४ टक्क्यांनी वाढतो आणि इंटिग्रलचे २ लिटर २.०८ होतात. एकूण प्रवाह सुमारे ०.०५ लिटरने वाढतो. पातळी वाढली म्हणून आत येणारे पाणीही वाढले, म्हणजे अवमंदन ऋण झाले. प्रत्येक कार्यबिंदू गोठवून तपासला तर स्थिर दिसणारा हा लूप प्रत्यक्षात अस्थिर आहे.

१.५ मीटरला हाच दोष झाकला जातो. तिथे त्याच १ सेंटिमीटरला प्रोपोर्शनल भाग ०.२५ लिटर घटवतो आणि इंटिग्रलची चूक जेमतेम ०.०३ लिटरची असते. त्यामुळे भरलेल्या टाकीवर चाचणी घेऊन समाधान मानले जाते आणि टाकी रिकामी होऊ लागल्यावर आलेल्या झोक्यांचा दोष सेन्सरला किंवा व्हॉल्व्हला दिला जातो.

त्या काळी सुचवला गेलेला एक उपाय म्हणजे मोजलेल्या पातळीऐवजी सेटपॉइंटवरून गेन ठरवणे. त्यामुळे हा छुपा दुवा तुटतो, पण सेटपॉइंट ०.५ वरून १.५ मीटरला नेताच खालच्या पातळीवरच नऊपट गेन लागू होतो, आणि बाहेरच्या प्रवाहातील धक्क्याने पातळी हलली तर गेन बदलतच नाही. दुसरा उपाय तीन-चार पट्ट्यांच्या तक्त्याचा. पट्टा बदलताना आउटपुट हलू नये म्हणून इंटिग्रल पुन्हा जुळवून घेतला जाई, आणि सीमेवर गेन खाली-वर होऊ नये म्हणून दोन्ही दिशांना वेगळे उंबरठे ठेवले जात. इंटिग्रल असा नीट जुळवला तर हा उपाय दुसऱ्या रूपाच्याच जवळ जातो, फक्त पायऱ्यांनी.

गोठवलेल्या बिंदूंवरची स्थिरता पुरेशी नाही, हे सिद्धांताने १९९० च्या सुमारास नेमकेपणाने मांडले. त्याच दशकात, आधी गुणावे आणि इंटिग्रल सर्वांत शेवटी घ्यावा ही रचना संशोधनातून पुढे आली. प्रत्येक स्कॅनला आउटपुटमधला फक्त बदल काढणाऱ्या वेगरूप कंट्रोलरमध्ये ती आधीपासूनच होती. या वादात दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या मानण्याचे कारण दिसत नाही. दुसऱ्या रूपात संतुलनबिंदूभोवती लूप अगदी आखल्याप्रमाणे वागतो, पहिल्यात वागत नाही. दुसऱ्या रूपाच्याही मर्यादा आहेत. पातळीच्या मापनातला गोंगाट गेनमध्ये शिरतो, म्हणून गेन ठरवणारा संकेत गाळावा लागतो, आणि टोकाजवळ क्षेत्रफळ शून्याकडे जात असल्याने गेनला खालची मर्यादा घालावी लागते.

आपल्या प्रणालीत कोणते रूप आहे हे पुस्तिकेतून नेहमी स्पष्ट होत नाही, पण ते तपासता येते. लूप ऑटोमध्ये, त्रुटी शून्य असताना, वेळापत्रकाच्या गणितातून येणारा गेन १० टक्क्यांनी बदलावा आणि आउटपुट पाहावे. ते जागेवर राहिले तर इंटिग्रल गुणाकारानंतर आहे. त्याच क्षणी साधारण १० टक्क्यांनी उडी मारली, तर गुणाकार इंटिग्रलनंतर होतो आहे. हा बदल फेसप्लेटवरून हाताने करू नये, कारण हाताने केलेल्या बदलाच्या वेळी प्रणाली इंटिग्रल जुळवून घेत असेल, तर गणितातून येणाऱ्या गेनबाबत ती तसे करतेच असे नाही.