घामातले मीठ आणि पायातले गोळे

उन्हाळा लागला की 'भरपूर पाणी प्या' ही सूचना गावागावांतल्या फलकांवर झळकू लागते. घरात किंवा कार्यालयात बसणाऱ्या माणसासाठी ती पुरेशी आहे. चंद्रपूर किंवा अकोल्यासारख्या ठिकाणी, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना जो माणूस दिवसभर अंगमेहनत करतो, त्याच्यासाठी मात्र ती अर्धीच आहे, आणि राहिलेला अर्धा भाग कोणता हे समजून घेण्यासाठी घामाकडे जरा बारकाईने पाहावे लागते.

स्लॅब टाकण्याचे काम घेऊ. ते एकदा सुरू झाले की मध्ये थांबवता येत नाही, कारण आधीचे काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याला नवे काँक्रीट नीट सांधले जात नाही. त्यामुळे सकाळी सातला सुरू झालेले काम भर दुपारीही चालूच राहते. समजा, साठ किलो वजनाचा एक तरुण मजूर नुकताच या कामावर आला आहे आणि आठ तास घमेली वाहतो आहे. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला आहे, ड्रममधले पाणी तो वरचेवर पितो आहे, म्हणजे आपल्या परीने काळजी घेतोच आहे. तरीही दुपारी चारच्या सुमारास त्याचे डोके ठणकू लागते, मळमळते, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घमेले खाली ठेवून तो बसतो न बसतो तोच पोटऱ्यांत गोळे येतात. अंग घामाने निथळत असते. 'एवढं पाणी प्यायला, तरी ऊन कसं लागलं?' हा मुकादमाचा प्रश्न अगदी रास्त असतो.

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास आणि त्वचेचे साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की शरीरातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतलीच उष्णता अंगात शिरू लागते. त्यातच राबणारे स्नायू स्वतःची भरपूर उष्णता निर्माण करतात. अशा वेळी अंग थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो घाम वाळण्याचा. माठ पाझरतो आणि वाळतो म्हणून आतले पाणी गार राहते, तोच हा प्रकार. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र घाम वाळला पाहिजे ही अट आहे. नुसता टपटप गळून जमिनीवर पडणारा घाम पाणी आणि मीठ तेवढे नेतो, गारवा देत नाही. कोकणातल्या दमट हवेत ३५ अंशांतही काम असह्य होते ते यामुळेच.

आता घामग्रंथीच्या आत डोकावू. त्वचेखाली वेटोळे घालून बसलेल्या या ग्रंथीच्या तळाशी जो द्रव तयार होतो, तो जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो, म्हणजे लिटरला सुमारे नऊ ग्रॅम मीठ. हा द्रव बारीक नळीतून त्वचेकडे चढत असताना नळीच्या भिंती त्यातले बरेचसे मीठ परत शोषून घेतात आणि बाहेर येणारा घाम त्यामानाने कमी खारट होतो. परंतु या शोषणाला वेळ लागतो. घाम जितका जोरात सुटेल, तितका तो नळीत कमी वेळ राहतो आणि तितके जास्त मीठ बाहेर जाते. म्हणजे ज्या माणसाला सर्वाधिक घाम येतो, त्याच्या घामाचा प्रत्येक लिटरही अधिक खारट असतो. नवख्या माणसाच्या घामात लिटरला तीन ग्रॅमपर्यंत मीठ सहज असते. रोज उन्हात काम केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने नळ्या अधिक मीठ राखायला शिकतात, घाम लवकर आणि अधिक सुटू लागतो, पण तो कमी खारट असतो. अंगावर वाळल्यानंतर सदऱ्यावर पांढरे चट्टे उमटणारा घाम कोणाचा, याकडे कामाच्या जागी एकदा लक्ष द्यावे. अनेकदा ती नवी माणसे असतात.

आपल्या मजुराचा हिशेब मांडू. आठ तासांत सहा लिटर घाम, लिटरला तीन ग्रॅम, म्हणजे अठरा ग्रॅम मीठ गेले. दुपारच्या भाकरी-भाजीतून आणि ठेच्यातून चार-पाच ग्रॅम परत आले असे धरले तरी तेरा ग्रॅमची तूट राहते. साठ किलोच्या माणसात रक्त आणि पेशींबाहेरचा द्रव मिळून सुमारे बारा लिटर भरतो आणि त्यात मीठ असते शंभर-सव्वाशे ग्रॅम. त्यातला दहावा भाग एका दिवसात गेला.

खरी गंमत पुढे आहे. तो पाच लिटर पाणी प्यायला, मग ते गेले कुठे? शरीर रक्तातल्या मिठाचे प्रमाण काटेकोरपणे सांभाळते. मीठ कमी झालेल्या रक्तात साधे पाणी मिसळले की रक्त किंचित पातळ होते. मेंदूतली यंत्रणा हे लगेच ओळखते आणि दोन आज्ञा देते: तहान थांबव, आणि जास्तीचे पाणी मूत्रावाटे बाहेर टाक. म्हणजे तूट भरून निघण्याआधीच तहान भागते आणि प्यालेल्या पाण्याचा काही भाग अंगात टिकतच नाही. पाण्याला धरून ठेवते ते मीठ, आणि नेमके तेच गेलेले असते. परिणामी रक्ताचे एकूण आकारमान घटते. याच वेळी अंग गार ठेवण्यासाठी त्वचेकडे जाणारे रक्त कित्येक पटींनी वाढलेले असते. आधीच कमी झालेल्या रक्तात एकाच वेळी त्वचा, स्नायू आणि मेंदू वाटेकरी झाले की हृदयाची धडधड वाढते, उभे राहताच अंधारी येते, डोके दुखते, मळमळते. यालाच डॉक्टर हीट एक्झॉशन म्हणतात.

पायांतल्या गोळ्यांचा आणि मिठाचा संबंध खाणींमध्ये लक्षात आला. ब्रिटनमधल्या खोल, गरम कोळसा खाणींत काम करणाऱ्यांना असे गोळे येत, आणि भरपूर घामानंतर नुसते पाणी पिण्यामुळे ते येतात असे जे. एस. हाल्डेन आणि मॉस यांनी १९२३ च्या सुमारास मांडले. अमेरिकेत हूवर धरणाच्या बांधकामावरील कामगारांचा हार्वर्डच्या संशोधकांनी १९३२ मध्ये अभ्यास केला, तेव्हा गोळे आलेल्यांना मीठ दिल्यावर आराम पडत असल्याचे दिसून आले. अर्थात सगळेच गोळे मिठाअभावी येत नाहीत. अतिश्रमाने थकलेला स्नायूही आखडतो, आणि म्हणूनच तो हलक्या हाताने ताणल्यावर सैल होतो.

उपचार आता सहज कळेल. त्या माणसाला ताबडतोब सावलीत, वारा असलेल्या जागी नेऊन आडवे करावे, पाय वीतभर उंच ठेवावेत, म्हणजे पायांत साचलेले रक्त हृदयाकडे परतते. बूट काढावेत, पट्टा आणि कपडे सैल करावेत. अंगावर साधे पाणी शिंपडून पंख्याने, नाहीतर पुठ्ठ्याने जोरात वारा घालावा. ओले फडके नुसते गुंडाळून ठेवले तर ते लवकरच गरम होते, ते सारखे बदलावे लागते. पोटरीत गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून पावलाचा चवडा सावकाश माणसाच्या दिशेने दाबावा.

प्यायला ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी द्यावी, घोट घोट करून तासाभरात साधारण एक लिटर. तिच्यातली साखर ताकदीसाठी नसते. लहान आतड्याच्या भिंतीत मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी वाहक प्रथिने असतात, आणि ही जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जाते. पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ घातलेले ताकही चांगले. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम थोडे असते, त्यामुळे ही विशिष्ट तूट त्याने भरत नाही. मिठाच्या गोळ्या किंवा चिमूटभर कोरडे मीठ देऊ नये, त्याने मळमळ वाढते. दुकानात ओआरएससारख्या दिसणाऱ्या खोक्यांतून मिळणारी गोड पेये हा वेगळाच प्रकार आहे. अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती फार आधी व्हायला हवी होती. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रोजचे मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये.

खिशात कांदा ठेवण्याबद्दल एवढेच सांगता येईल की, कांद्याला उष्णता शोषून घेता येत नाही. तो ठेचून भाकरीबरोबर मिठासह खाल्ला तर निदान ते मीठ पोटात जाते. पॅरासिटामॉलचाही येथे उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. तापात मेंदूच तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो, आणि औषध ती खाली आणते. येथे ती पातळी मुळात बदललेलीच नसते.

अर्ध्या तासात बरे वाटू लागले नाही, उलट्या थांबत नसतील, किंवा गोळे तासाभरानंतरही येतच असतील तर दवाखाना गाठावा. खरी भीती आहे ती हीच अवस्था पुढे सरकून उष्माघात होण्याची. उष्माघातात त्वचा कोरडी पडते, घाम येत असेल तर तो उष्माघात नव्हे, असे बरेच जण मानतात. घरात बसलेल्या वृद्धांबाबत ते बहुधा खरे ठरते. राबणाऱ्या तरुणाला मात्र घामाने चिंब असतानाच उष्माघात होऊ शकतो. म्हणून घामाकडे न पाहता बोलण्याकडे पाहावे. 'तुझं नाव काय, कुठल्या गावचा, आता कुठं आहेस?' असे साधे प्रश्न विचारावेत. उत्तर असंबद्ध आले, जीभ अडखळली, तो चिडचिडा किंवा आक्रमक झाला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर मेंदू तापला आहे असे समजून १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. बादल्यांनी, नळीने, मिळेल त्या थंड पाण्याने सर्वांग सतत भिजवत वारा घालत राहावे. काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवावीत. अशा माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल, तर त्याला कुशीवर वळवावे.

साध्या हीट एक्झॉशनमधून सावरलेल्या माणसाला त्या दिवशी पुन्हा घमेले उचलू देऊ नये, मग तो 'आता बरं आहे' असे कितीही म्हणो. डोकेदुखी तासाभरात थांबते, गेलेले मीठ आणि पाणी भरून यायला मात्र एक-दोन दिवसांचे जेवण लागते. नव्या मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा देऊन रोज तेवढाच वाढवत नेण्याचा नियम अनेक देशांतल्या कामगार-आरोग्य तज्ज्ञांनी सुचवला आहे. पाचव्या दिवशी तो पूर्ण कामावर येतो, तोवर घामनळ्यांचे शिकणे बऱ्यापैकी पुढे गेलेले असते.